तिसऱ्या घाण्याला जमलेलं पनीर

डेअरीच्या प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, दोनदा पनीर केलं, दोन्ही वेळा फसलं. विकायचं कसं?" शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात गेले. दोन्ही घाण्यांतले तुकडे तिने फ्रीजमध्ये जपून ठेवले होते, त्यामुळे निदान सोपं गेलं.

पहिला तुकडा बोटाने दाबला की रव्यासारखा सुटत होता. दूध पिशवीतलं, टोन्ड, होमोजिनाइज्ड. त्यात स्निग्धांश कमी, आणि उरलेला बारीक फोडलेला. म्हणून चोथा नीट बांधला जात नाही. दुसऱ्या वेळी दूध म्हशीचं होतं, पण तुकडा रबरासारखा चिवट झाला होता. तिने खळखळत्या दुधात अख्खा लिंबाचा रस एकदम ओतला होता आणि फाटल्यावरही गॅस पाच मिनिटं चालू ठेवला होता. त्या उष्णतेत चोथा आवळतो, पाणी टाकतो आणि घट्ट होतो.

तिसरा घाणा दोघींनी मिळून लावला. म्हशीचं 2 लिटर ताजं दूध थर्मामीटर लावून 90 अंशांपर्यंत तापवलं, गॅस बंद केला आणि 75 अंशांवर येऊ दिलं. तोवर 4 ग्रॅम लिंबूसत्व 400 मिली गरम पाण्यात विरघळवलं. लिंबात आंबटपणा दर वेळी वेगळा असतो, लिंबूसत्वाचं माप मात्र पक्कं राहतं. ते पळीपळीने सोडत ती अलगद ढवळत होती. तीन चतुर्थांश द्रावण गेल्यावर दूध फाटलं, पण सुटलेलं पाणी दुधट होतं. "झालं का?" तिने विचारलं. नव्हतं. दुधट पाणी म्हणजे चोथ्याचा काही भाग त्यातच राहिलाय. आणखी दोन पळ्या सोडल्यावर पाणी पिवळसर हिरवट, नितळ झालं, तेव्हाच हात थांबवायचा. त्यापुढे आंबट घातलं तर पनीर आंबटतं. थोडं द्रावण उरलं, तेच बरोबर.

पाच मिनिटांनी मलमलच्या फडक्यात गाळलं, गरम असतानाच बांधून वर 2 किलोचं वजन 20 मिनिटं ठेवलं. मग फ्रीजमधल्या थंड पाण्यात दोन तास. ही पायरी बहुतेक घरी वगळतात, पण त्यानेच वडी घट्ट होते आणि सुरी फिरवली की कड तुटत नाही.

वजन भरलं 410 ग्रॅम. दूध तिला 80 रुपये लिटरने पडलं होतं, म्हणजे पाव किलोमागे नुसत्या दुधाचेच साधारण 98 रुपये. तिने भाव ठरवला होता 90! गॅस, पॅकिंग आणि तिची मेहनत धरून आम्ही तो 140 वर नेला.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी होईपर्यंत विक्री नको, असं मी तिला बजावलं. नोंदणी झाल्यावर इमारतीतल्या तीन घरांची पहिली मागणी आली. पाकिटावर तिने बनवल्याची तारीख आणि "फ्रीजमध्ये ठेवा, 3 दिवसांत संपवा" असं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.