घडीत गेलेली अठ्ठेचाळीस नंबरची ओळ

मोडी वाचण्याचं काम मी पंधरा वर्षं करतोय, पण गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गाव नमुना 14 वर काम करताना जी चूक माझ्या हातून झाली, ती अक्षर न लागल्यामुळे नव्हती. अक्षर दिसतच नव्हतं, आणि तरी मी ते वाचलं होतं.

नमुना 14 म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, बोलीत कोतवाल बुक. 2023 मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या वह्यांना एकदम मागणी आली. आमच्याकडे स्कॅन यायचे आणि आम्ही ओळ न ओळ देवनागरीत टंकायचो. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं टंकायचं आणि मग ताडून पाहायचं, अशी पद्धत होती. माझी जोडीदार माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मोडी शिकून तिला दोनच वर्षं झालेली.

ते पान कधीतरी रुमालात बांधताना आडवंतिडवं दुमडलं गेलं असावं. डाव्या समासातून निघालेली चुणी उजवीकडे खाली उतरत गेली होती. तिरकी घडी आडव्या घडीपेक्षा वाईट. आडवी घडी एखादी ओळ खाते आणि ते लगेच कळतं. तिरकी मात्र प्रत्येक ओळ वेगळ्या रकान्यात कापते. एका ओळीत बापाचं नाव तुटतं, तिच्या खालच्या दुसऱ्या कुठल्या ओळीत जात, आणखी खाली खबर देणाऱ्याची निशाणी. शिवाय चुणीच्या दोन बाजू एकमेकींवर चढलेल्या असतील, तर घडीच्या पलीकडे ओळ किंचित सरकलेली असते आणि नजर बेमालूम वरच्या किंवा खालच्या ओळीवर जाते.

डावी कड झिजल्यामुळे अनुक्रमांक बहुतेक गेलेले. त्याची मला काळजी नव्हती. आधीचं पान 41 वर संपत होतं, पुढचं 60 पासून सुरू होत होतं, आणि नावं मोजली तर बरोबर अठरा. म्हणजे 42 ते 59. हे आकडे मी चौकटी कंसात घातले, कारण ते कागदावर वाचलेले नव्हते, हिशोबाने काढलेले होते.

ताडणीच्या वेळी फरक निघाला जातीच्या रकान्यात. 42 ला ‘कुणबी’, मग 43 ते 47 ‘सदर’, म्हणजे वरच्याप्रमाणेच. 48 ला मी ‘सदर’ लिहिलं होतं, तिने जागा रिकामी सोडली होती. पुढे 49 ते 52 दोघांचंही ‘सदर’. मी टंकताना नेहमीप्रमाणे सदर उलगडून शेजारच्या रकान्यात पूर्ण शब्द भरला होता. त्यामुळे 42 पासून 52 पर्यंत सलग अकरा कुणबी.

“अगं, वरती सदर, खालती सदर, मध्ये दुसरं काय असणार?” मी म्हटलं.

“सर, मग त्रेपन्नला त्याने परत ‘कुणबी’ का लिहिलंय?”

मी पान पुन्हा उघडलं. 53 ला खरंच स्वच्छ, ठसठशीत ‘कुणबी’ होतं. मी ते टंकलंही होतं. एकेक ओळ टंकताना माणूस रकाना उभा वाचत नाही, हे त्या क्षणी कळलं. जो कारकून पाच ओळी सदर लिहून हात वाचवतो, तो 52 पर्यंत कुणबीच चालू असता तर 53 ला तोच शब्द नव्याने लिहायला बसला नसता. मधे कुठेतरी जात बदलली होती, आणि ती बदलायला घडीतल्या 48 शिवाय दुसरी जागा नव्हती. म्हणजे चूक एका ओळीची नव्हती. 49 ते 52 चे चारही सदर त्या न दिसलेल्या शब्दाकडे बोट दाखवत होते.

मग मोजायला बसलो. स्कॅन 300 डीपीआयचा होता, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण बारा पिक्सेल. जातीच्या रकान्यात दोन शिरोरेघांमधलं अंतर सगळीकडे 106 पिक्सेलच्या आसपास. 47 ते 49 म्हणजे दोन ओळी, तिथे 212 हवेत. भरले 176. छत्तीस पिक्सेल, तीन मिलिमीटर कागद आत दबलेला. हे कळलं तेव्हा स्कॅन उजळ करून, निळा थर वेगळा काढून पाहण्याचा सकाळचा खटाटोप फुकट गेल्याचंही कळलं. नुसती सावली असती तर ती उजळून आत काहीतरी दिसलं असतं. कागदावर कागद चढलेला असेल तर कॅमेऱ्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं.

मला ‘सदर’ दिसलं कसं? मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. घडीची सावली शिरोरेघेसारखीच आडवी, काळसर. खालून डोकावणारे दोन फराटे मी तिला टांगले आणि वरच्यासारखाच शब्द जुळवला. तिने मला सावलीच्या वरचा एक बारीक बाक दाखवला. मी तो बोरूचा ओरखडा म्हणून सोडला होता. मोठा करून पाहिला तर वेलांटीचं टोक. ‘सदर’ला वेलांटी नाही. माळी, कोळी, तेली, काहीही चाललं असतं. स्कॅनवरून यापुढे जाता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन अभिलेखकक्षात गेलो. अभिलेखपालांनी आधी बजावलं, “पाणी लावायचं नाही, दाबायचं नाही.” बरोबरच होतं. ओलाव्याने शाई पसरते, आणि शंभर वर्षांची घडी उलटी दाबली तर तिथेच तुकडा पडतो. वहीच्या वर आलेल्या पुठ्ठ्याखाली कापडाची गुंडाळी दिली, म्हणजे ती पूर्ण उघडावी लागली नाही. पातळ, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी चुणीच्या ओठाखाली हळूच सरकवली आणि ओठ फक्त शब्दापुरता उचलला. जोडीदाराने एका बाजूने बॅटरी धरली, मी फोटो काढले. घडीच्या नेमक्या रेषेवर शाईचे पापुद्रे उडालेले होते, त्यामुळे दुसरं अक्षर दोन तुकड्यांत होतं. पण ‘मा’ अख्खा होता आणि वेलांटी त्या ‘ळ’ला बसत होती. माळी.

आत दबलेला भाग सावलीत राहिल्याने कागद तिथे कडेपेक्षा उजळ होता आणि शाईही काळी. घडीत जातं ते बहुतेकदा तिथेच असतं. कडेचं तसं नाही. त्याच पानाच्या खालच्या टोकाला 58 आणि 59 च्या नावांची सुरुवातच झिजून गेली होती, ‘…जी’ एवढंच उरलेलं. माझ्या पहिल्या टंकनात 58 ला मी ‘राणोजी’ लिहिलं होतं, गावात राणोजी बरेच म्हणून. ते काढलं. तेव्हापासून आम्ही दोन वेगळ्या खुणा ठेवल्या: ‘घडीत’ म्हणजे मूळ वही पाहिली तर मिळू शकेल, ‘झिजले’ म्हणजे गेलं. आणि सदर उलगडताना मध्ये घडी आली तर उलगडणं तिथे थांबवायचं, पुढचे सदर सदरच ठेवायचे.

संध्याकाळी त्या गावाच्या आधी दिलेल्या पानांपैकी तिरकी घडी असलेली वेगळी काढली. अकरा निघाली. त्यांतल्या सहा पानांवर सदर घडीवरून उडी मारून पुढे गेलेलं होतं, आणि सहाही माझ्याच हातची. तिने काही न बोलता अभिलेखकक्षासाठी नवा अर्ज माझ्यासमोर ठेवला.