एका मिनिटात मालवण: सहलीच्या व्हिडिओची संहिता लिहिताना

मालवण-तारकर्लीच्या तीन रात्री, चार दिवसांच्या गटसहलीसाठी एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे, असे एका सहल संस्थेच्या मालकांनी मला सांगितले आणि सोबत अकरा ठिकाणांची यादी दिली. मी ती यादी इमानेइतबारे वाक्यांत ओवली. अथांग सागर, रुपेरी वाळू, नारळी-पोफळीच्या बागा, सगळे आले. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचले तेव्हा दोनशे दहा शब्दांना एक मिनिट पंचेचाळीस सेकंद लागले. ऐकणाऱ्याला श्वास घेता यावा अशा गतीने मी मिनिटाला साधारण 120 शब्द वाचतो. म्हणजे मजकूर निम्म्यावर आणणे भागच होते. पण अकरातली कोणती ठिकाणे गाळायची, हे मात्र ठरेना.

प्रश्न बदलल्यावर ते सुटले. सिंधुदुर्ग किल्ला स्वतःच्या गाडीने येणाऱ्यालाही दिसतोच; मग चोवीस जणांच्या गटाबरोबर आल्याने वेगळे काय मिळते? त्याचे उत्तर मला रापणीत सापडले. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढत ओढत हळूहळू एकमेकींजवळ येतात. हे दोघातिघांचे काम नव्हे. आदल्या दिवशी कुडाळ स्थानकावर उतरताना एकमेकांची नावेही ठाऊक नसलेले प्रवासी त्या दोराला हात लावतात, तेव्हा सहलीचा ‘गट’ होतो. म्हणून व्हिडिओची सुरुवात समुद्राने न करता ओल्या दोरावरच्या हातांनी केली: रापणकाराच्या काळवंडलेल्या, घट्टे पडलेल्या मुठीशेजारी बांगड्या घातलेली एक अनोळखी मूठ. निवेदन एवढेच: “काल गाडीत यांची ओळखही नव्हती.” पहिल्या तीन सेकंदांत पाहणाऱ्याचे बोट पुढच्या व्हिडिओकडे सरकू नये यासाठी मला याहून चांगले काही सुचले नाही.

दुसरे दृश्य किल्ल्याचे. त्यात मी “समोर उभे ठाकते भव्य महाद्वार” असे लिहिले होते. धक्क्यावरच्या एका होडीवाल्या काकांना ते वाचून दाखवले, तर ते म्हणाले, “लांबसून दरवाजो दिसता खंय?” त्यांचे बरोबर होते. त्या किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत समोर फक्त भिंत दिसते. माझे वाक्य खोटे तर होतेच, शिवाय त्याने दृश्यातली खरी गंमतही घालवली होती. आता होडीत कोणीतरी विचारते, “पण आत जायचं कुठून?” आणि पुढचे पाच सेकंद तट जवळ येत राहतो; निवेदक गप्प असतो. 1664 साली बांधकाम सुरू झाले वगैरे तपशील गाईड किल्ल्यावर सांगेलच.

तिसरे दृश्य पंगतीचे, आणि तिथे मी जवळजवळ काहीच लिहिले नाही. कढईत सोडलेला वडा क्षणभर तळाशी बसतो, वर येतो आणि टम्म फुगतो; तेलाचा तेवढा आवाज, मग पानात कोंबडीचा रस्सा आणि शेजारी गुलाबी सोलकढी. ‘चविष्ट’ हा शब्द मी तीनदा लिहून तीनदा खोडला.

मालकांना शेवटी डॉल्फिन हवेच होते. ते दिसतात हे खरे, पण दिसतीलच याची हमी कोण देणार? दाखवलेले प्रत्येक दृश्य पाहणाऱ्याच्या लेखी वचन असते, आणि परतीच्या गाडीत त्याचा हिशेब सहलीच्या व्यवस्थापकाला द्यावा लागतो. हाच नियम रापणीलाही लावावा लागला, म्हणून तिथे अक्षरे आली: “त्या दिवशी रापण असेल तर”. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते, त्यामुळे शेवटच्या पाटीवर सहलीचे महिने स्पष्ट लिहिले: डिसेंबर ते फेब्रुवारी. उरलेली आठ ठिकाणे माहितीपत्रकात गेली. मालक दोन दिवस नाराज होते.

चित्रीकरणानंतर एक चूक उघडी पडली. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून निवेदन अक्षरांतही दिले होते. पण उभ्या व्हिडिओत ती अगदी तळाशी ठेवल्यामुळे मोबाइलवर अॅपच्या बटणांखाली झाकली गेली. नेमके “असेल तर” एवढेच दिसेनासे झाले होते, आणि वाचणाऱ्याला रापणीची हमीच मिळत होती. अक्षरे पडद्याच्या मध्याच्या जरा खाली घेतली, प्रत्येक ओळ चार-पाच शब्दांची केली आणि आवाज बंद करून मालकांच्या आईंना दाखवले. त्यांनी विचारले, “रापण नसली तर त्या सकाळी काय करायचं?” ते संहितेत नव्हतेच. कार्यक्रमपत्रिकेत त्या सकाळसाठी देवबागची होडीफेरी ठरवून झाल्यावरच व्हिडिओ बाहेर गेला.