चाळीसची मोटार नको होती

कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद दळायच्या गिरणीत मला बोलावलं होतं. पल्व्हरायझरवर 30 एचपीची, म्हणजे 22 किलोवॅटची मोटर. माल निघेना आणि मोटर हात लावू देईना, अशी तक्रार होती. मालकांच्या टेबलावर 40 एचपीच्या मोटरचं कोटेशन तयार होतं. मिस्त्री म्हणाले, "तीसची दमली बघा, साहेब. आता चाळीसचीच टाका."

मोटर खरंच दमली आहे का, हे आधी बघायचं होतं. नेमप्लेट मूळचीच होती: 415 व्होल्ट, 40 अँपिअर, 1470 आरपीएम. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र 50 हर्ट्झला मिनिटाला 1500 फेरे फिरतं. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. हे मागे राहणं म्हणजे स्लिप. पूर्ण लोडला ती इथं 30 फेरे. लोड कमी असेल तर स्लिपही जवळपास त्याच प्रमाणात कमी होते.

क्लँप मीटरनं 22 अँपिअर दाखवले, म्हणजे 40 पैकी निम्म्याहून जास्त. पण कमी लोडवर करंटवर माझा भरवसा नसतो. मोटर नुसती रिकामी फिरली तरी चुंबकीकरणाचा करंट घेतेच, त्यामुळे अँपिअर लोडपेक्षा नेहमी मोठा आकडा सांगतात.

मोटर बंद केली, स्विचला कुलूप घातलं आणि शाफ्टवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवला. मग तासभर नेहमीसारखी चालू दिली. थंड रोटरचा रोध कमी असतो, त्यामुळे तेव्हा स्लिपही कमी दिसते. तासानं टॅकोमीटर धरला. 1484. 1500 मधून वजा केले तर 16, म्हणजे 53 टक्के लोड. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं तर 1489. जवळ उभा असलेला पोरगा म्हणाला, "लोड उतरला की!" हॉपरची झडप मात्र कुणी हलवली नव्हती.

उतरला नव्हता. हलली होती ती ग्रिडची फ्रिक्वेन्सी. मी प्रत्येक रीडिंगबरोबर ती लिहून ठेवतो. पहिल्या वेळी 49.85 होती, दुसऱ्या वेळी 50.02. फ्रिक्वेन्सीला 30 नं गुणलं की चार पोलच्या मोटरचा त्या क्षणाचा खरा सिंक्रोनस वेग मिळतो: आधी 1495.5, नंतर 1500.6. स्लिप दोन्ही वेळा साडेअकरा फेऱ्यांच्या आसपासच. 1500 धरून चाललो असतो तर पहिल्या रीडिंगमध्ये साडेचार फेऱ्यांची चूक झाली असती. स्लिपच मुळात तीस फेऱ्यांची, तिथं एवढी चूक म्हणजे लोडच्या आकड्यात पंधरा टक्के.

व्होल्टेज 430 होतं. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच लोडला स्लिप वर्गाच्या प्रमाणात कमी पडते, म्हणून 430 ला 415 नं भागून आलेल्या आकड्याच्या वर्गानं स्लिपला गुणलं. 12.3 फेरे आले. तीसशी तुलना केली तर लोड 41 टक्के. नेमप्लेटवरच्या स्लिपला 20 टक्के इकडेतिकडे सूट असते, त्यामुळे खरा लोड 34 ते 51 टक्क्यांत कुठंही असेल. बिल काढायला हा आकडा चालणार नाही. पण मोटर ओव्हरलोड नाही, एवढं सांगायला पुरेसा होता.

मग माल का निघेना? तोच टेप गिरणीच्या शाफ्टला लावला. मोटरची पुली आठ इंची, गिरणीची चार, म्हणजे फेरे दुप्पट, 2968 च्या जवळ यायला हवे होते. आले 2610. धडधाकट व्ही-बेल्ट एक-दोन टक्के घसरतो, हे बारा टक्के होतं. गार्ड काढला. बेल्ट पुलीच्या काठाच्या आत बुडालेला आणि खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत. बेल्ट दोन्ही कडांवर घट्ट बसायच्या ऐवजी तळाला टेकला होता. गिरणी हळू फिरायची, तुंबायची, म्हणून मिस्त्री झडप आणखी कमी करत गेले होते.

मोटर तापण्याचं कारण मागच्या बाजूला सापडलं. पंख्याच्या जाळीवर आणि बॉडीच्या फिन्समध्ये हळदीचा बोटभर जाड थर. हवाच जात नव्हती.

दोन्ही पुल्या आणि बेल्टचा अख्खा सेट बदलला, मोटर साफ केली. पुढच्या आठवड्यात गेलो. फ्रिक्वेन्सी 49.96, व्होल्टेज 420, मोटर 1479 वर, गिरणी 2912 वर. हिशेब दोन-तृतीयांश लोडचा. मोटरवर हात ठेवता येत होता. मालकांनी विचारलं, "अजून सोसंल?" मी म्हटलं, "बघूया."

मिस्त्रींनी हॉपरची झडप दोन बोटं आणखी उघडली. टॅकोमीटरवरचा आकडा एकेक करत उतरला आणि 1475 ला स्थिरावला. लोड ऐंशी टक्के. मिस्त्रींनी झडपेवर तिथंच खडूनं खूण केली.