इंदूरच्या एकादशीला ऐकलेला ‘विटाळ’

यंदाच्या आषाढीला मी इंदूरला आत्याकडे होते. संध्याकाळी आम्ही दोघी पंढरीनाथाच्या देवळात गेलो. भजनात एका वयस्कर काकूंनी चोखोबांचा अभंग धरला, ‘वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ’. लय संथ होती, त्यामुळे शब्द न् शब्द कळत होता.

वेद, शास्त्रं, पुराणं, मग जीव, शिव, ब्रह्मा, विष्णू, शंकर. चोखोबा एकेकाला विटाळ लावत जातात आणि शेवटी म्हणतात, ‘जन्मतां विटाळ मरतां विटाळ । चोखा म्हणे विटाळ आदिअंती’. सगळंच विटाळलेलं असेल, तर देवळाबाहेर उभं कुणाला करायचं? हा प्रश्न ‘अशौच’ म्हणून विचारला असता, तर तो पंडितांच्या वादात विरून गेला असता. विटाळ हा मात्र ओसरीवरचा, पाणवठ्यावरचा शब्द. ज्याला रोज तो ऐकून मागे सरावं लागे, त्यानेच तो उचलला आणि देवांपर्यंत नेऊन ठेवला.

रात्री मी आत्याला चोखोबांच्या पत्नीचा, सोयराबाईंचा अभंग म्हणून दाखवला: ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’. पुढे त्या विचारतात, विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे तरी कुठे? मला हा अभंग चोखोबांच्या अभंगापेक्षाही धीट वाटतो. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्हींना त्या एकाच ठिकाणी आणून उभं करतात: आईच्या उदरात. सोवळं पाळणारासुद्धा तिथूनच आलेला.

पण याच चोखोबांच्या दुसऱ्या एका अभंगात, पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म मिळाला, असंही येतं. ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ’. तो वाचताना मला दर वेळी त्रास होतो. प्रश्न विचारणाऱ्याच्याही मनात व्यवस्थेने किती खोल घर केलं होतं, ते त्यात दिसतं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, ते १३३८ साल मानतात. समाधी पंढरपुरात, महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीपाशी. ते महाद्वार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही महूला गेलो. इंदूरहून साधारण २३ किलोमीटर. बाबासाहेब इथे १८९१ मध्ये जन्मले. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं, ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. जन्मभूमीच्या स्मारकात उभी असताना मी हे आत्याला सांगितलं.

परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आम्हाला चार दिवस मागच्या खोलीत बसवायचे. घरात रोज हरिपाठ व्हायचा ग, पण सोयराबाईंचा हा अभंग कुणी कधी म्हटला नाही. घरी गेल्यावर लिहून दे मला.”