उशिरा येण्यावरून

"आमचं दर तीन-चार आठवड्यांनी तेच भांडण होतं. बोलतो, मिटवतो, आणि पुन्हा तेच. असं का?"

कारण बहुतेकदा मिटतं ते निमित्त. मी जोडप्यांचं समुपदेशन करते. त्यातल्याच एका जोडप्याचं सांगते, ओळखू येणार नाही इतपत बदलून. तो उशिरा यायचा, कळवायचा नाही. तोडगा निघाला, मेसेज करायचा. त्याने इमानेइतबारे मेसेज केले. तरी महिन्याभरात पुन्हा भांडण, आता तक्रार काय, तर मेसेज कोरडा असतो!

अशा वेळी मी कान टवकारते. मागितलं ते मिळूनही राग उतरत नसेल, तर हवं होतं ते वेगळंच काही.

तिला विचारलं, "तो वेळेवर आला असता तर तुला काय मिळालं असतं?" म्हणाली, "एकत्र जेवलो असतो." "जेवून काय झालं असतं?" बराच वेळ गेला. मग म्हणाली, "दिवसभरात त्याला माझी आठवण होते, असं वाटलं असतं." उत्तरात 'त्याने अमुक करावं' येतंय तोवर विचारत राहायचं. ते थांबलं की गरज हाती लागते.

त्याला वेगळं विचारलं, "ती बोलायला लागली की मनात पहिलं काय येतं?" "कितीही केलं तरी कमीच." म्हणून तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यातून ती काय समजायची, हे सांगायला नको. तिचा आवाज चढायचा, तो आणखी मिटायचा.

मधले आठवडे शांत का जातात? भांडणानंतर दोघं काही दिवस जपून वागतात, तिची गरज आपोआप भागते. मग सवयी परततात, ती बारीकसारीक गिळत राहते, आणि एका उशिराला सगळं बाहेर येतं.

आता तो घरी आल्यावर फोन बाजूला ठेवून थोडा वेळ तिच्याशी बोलतो, आणि त्याने केलेलं ती बोलून दाखवते. उशीर अजूनही होतो, कुरबुरही होते, पण तेवढ्यावर निभावतं. जोडप्यांच्या नात्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनात जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे सुटत नाहीत असंच दिसलं, त्यामुळे मला यात अपयश वाटत नाही.

हे प्रश्न ऐन भांडणात मात्र विचारू नका. छाती धडधडत असताना समोरचं ऐकूच येत नाही. निदान 20 मिनिटं दूर व्हा, आणि कधी परत बोलायचं ते सांगून जा, नाहीतर तुमचं जाणंही गप्प बसण्यासारखंच लागतं.

आणि तुमच्यापैकी एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, तर यातलं काहीच करू नका. तिथे आधी सुरक्षितता बघायची, आणि मदत एकट्याने जाऊन घ्यायची.