झेड शून्यावर आला आणि तरी लॉस बुक झाला

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा मुंबईत एका छोट्या प्रॉप डेस्कवर नवीनच होते, पेअर ट्रेडिंगचं काम माझ्याकडे आलं होतं. दोन खाजगी बँकांची जोडी होती (नावं नको), स्प्रेड म्हणजे सरळ दोघांच्या भावाचा लॉग रेशो, बीटा वगैरे काही नाही, एकास एक. रात्रभर शॉर्ट ठेवायचं तर कॅशमध्ये जमत नाही म्हणून दोन्ही पाय फ्युचर्समध्ये, एका बाजूला साधारण 15 लाख.

हाफ लाइफ म्हणजे स्प्रेड सरासरीपासून लांब गेला तर त्यातलं निम्मं अंतर भरून यायला सरासरी किती दिवस लागतात ते. काढायची पद्धत सोपी आहे, आजचा बदल कालच्या लेव्हलवर रिग्रेस करायचा, स्लोप ऋण आला की स्प्रेड मागे ओढला जातोय असं धरायचं.

```python
lag = s.shift(1).dropna()
ds = s.diff().dropna()
lam, c = np.polyfit(lag, ds, 1)
hl = -np.log(2) / np.log(1 + lam)
```

मी शेवटचे 60 दिवस घेतले कारण "ताजा डेटा बरा" असं डोक्यात होतं. स्लोप आला -0.074, हाफ लाइफ 9 दिवस. मी खूश. मग त्यावरून सगळं बसवलं, लुकबॅक 18 दिवस म्हणजे दोन हाफ लाइफ, आणि टाइम स्टॉपही 18 सेशन, कारण दोन हाफ लाइफमध्ये पाऊण अंतर भरायला हवं, त्यात नाही आलं तर आपलं काहीतरी चुकलंय असं समजून बाहेर पडायचं. कागदावर एकदम नीट.

एन्ट्री घेतली तेव्हा स्प्रेड 0.112, 18 दिवसांची सरासरी 0.142, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.015, म्हणजे झेड बरोब्बर -2. स्प्रेड लाँग केला. पुढचे पंधरा दिवस स्प्रेड जिथे होता तिथेच घुटमळत राहिला, मध्ये 0.10च्या खाली जाऊन आला, पण वर जायचं नाव नाही, आणि सोळाव्या सेशनला दुपारी स्क्रीनवर एक्झिट सिग्नल आला, झेड शून्य. मी दोन्ही पाय काढले, आणि मग पीअँडएल बघितला तर मायनस 12 हजार, वर ब्रोकरेज नि टॅक्स वेगळे.

मला आधी वाटलं चुकून उलटा पाय मारला. ऑर्डर बुक तपासलं, सगळं बरोबर. मग स्प्रेड बघितला, 0.104. म्हणजे एन्ट्रीपेक्षा खाली! आणि तरी झेड शून्य, कारण सरासरीच 0.142वरून 0.104ला येऊन बसली होती. स्प्रेड सरासरीकडे गेलाच नव्हता, सरासरीच चालत स्प्रेडकडे आली होती, आणि माझ्या सिस्टिमला त्यात काही फरक दिसत नव्हता. 18 दिवसांच्या विंडोत 16 दिवस एन्ट्रीनंतरचेच, मग दुसरं काय होणार?

सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, "9 कुठून काढलास?"
"60 दिवसांवरून, सर."
"मग 120 वर काढ. 250 वर, 500 वर पण काढ. तोवर मी चहा घेऊन येतो."

काढलं. 60 वर 9, 120 वर 17, 250 वर 41, 500 वर 74. विंडो दुप्पट केली की हाफ लाइफ दुप्पट. मला तेव्हाही कळलं नाही, मला वाटलं मार्केट बदललंय, आता रिव्हर्शन फास्ट झालंय, आणि मी ते थाटात बोलूनही दाखवलं. सर हसले. म्हणाले, "आता खोटा स्प्रेड बनव. रोज नुसता रँडम नंबर मिळवत जा, ओढ बिढ काही नको. हजार वेळा कर आणि त्यावर हाच कोड चालव."

तो आकडा अजून आठवतो. ज्या सिरीजमध्ये रिव्हर्शन औषधालाही नाही, तिच्यावर 60 दिवसांची विंडो लावली की मधला हाफ लाइफ साधारण 9 येतो. 250 वर चाळीसच्या आसपास. म्हणजे माझे आकडे स्प्रेडबद्दल काही सांगतच नव्हते, मी किती दिवसांचा डेटा घेतला एवढंच सांगत होते.

कारण असं की रिग्रेशन सरासरीही त्याच विंडोतून काढतं. कुठलीही भटकणारी सिरीज तिच्या स्वतःच्या सरासरीच्या कधी वर कधी खाली असणारच, आणि छोट्या विंडोत ते मागे ओढल्यासारखं दिसतं. त्यामुळे स्लोप बहुतेक वेळा जास्त ऋण येतो, म्हणजे हाफ लाइफ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. बरं झालं मी बीटा लावला नव्हता, त्याच 60 दिवसांवर बीटा फिट केला असता तर हा भास अजून वाढला असता.

संध्याकाळी बाकीच्या जोड्यांवर हीच चाचणी लावली. बहुतेकांचं तेच रडगाणं. एक जोडी मात्र वेगळी निघाली, 60 वर 6, 120 वर 9, 250 वर 10, 500 वर 12. विंडो वाढत गेली तरी आकडा एका जागी बसत होता. हिच्यात खरोखर काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं. तरी 250 वरचा 10 सुद्धा तसाच घ्यायचा नाही. आजच्या लेव्हलचा कालच्या लेव्हलवरचा गुणांक (म्हणजे 1 अधिक स्लोप) 0.933 आला होता, त्यात छोट्या सॅम्पलची दुरुस्ती म्हणून `(1 + 3*phi)/n` मिळवायचं, 250 दिवसांसाठी ते 0.015 होतं. मग झाला 0.948 आणि हाफ लाइफ 10चा 13. दिसायला दीड टक्क्याचा फरक, पण होल्डिंगमध्ये तीन दिवस.

त्यावर नवीन सेटिंग ठरवली. लुकबॅक 40, म्हणजे साधारण तीन हाफ लाइफ, कारण सरासरी स्प्रेडपेक्षा बरीच हळू हलली पाहिजे, नाहीतर परत तोच प्रकार. काही जण लुकबॅक थेट हाफ लाइफएवढाच ठेवतात, मला ते पटत नाही, निदान एक्झिट झेडवर असेल तर नाहीच. फार लांबही नको, वर्षभराचा घेतला तर एखाद्या बँकेचं धंद्याचं गणित बदलल्यावरही जुनीच सरासरी धरून बसतो आपण. टाइम स्टॉप 26 सेशन. आता 26 सेशन म्हणजे महिन्याची एक एक्सपायरी मध्ये येणारच, मग दोन्ही पायांचा रोलओव्हर खर्च आधीच गणितात धरला, आणि तो वजा करून उरत नसेल तर झेड -2 ला एन्ट्रीच नाही, -2.5 ची वाट बघायची. त्या हिशोबाने 41 दिवसांच्या हाफ लाइफची जोडी तर विचारातच घेता येत नाही, दोन हाफ लाइफ म्हणजे चार महिने, तेवढे रोल कोण भरणार.

अजून एक बदल केला तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. एन्ट्रीच्या वेळची सरासरी गोठवून वेगळ्या कॉलममध्ये ठेवायला लागले. झेड शून्यावर आला की आधी त्या कॉलमकडे बघायचं, स्प्रेड तिच्याकडे गेलाय का नुसती चालती सरासरी इकडे आलीये. पहिल्या महिन्यातच दोन ट्रेड असे दिसले.

ती बँकांची जोडी अजून वॉचलिस्टवर आहे. परवा सहज 60ची विंडो लावून बघितली, 8 आला.