६० किमी हॉपची नोंद: मास्टची उंची ठरवणारी टेकडी के-फॅक्टरप्रमाणे बदलते

सह्याद्रीतल्या आपल्या ५.८ गिगाहर्ट्झच्या हॉपची, म्हणजे दोन मास्टमधल्या थेट रेडिओ दुव्याची, प्रोफाइल पक्की झाली, म्हणून मास्टच्या उंचीचं गणित मांडतो. 'अ' टोक समुद्रसपाटीपासून ११८० मीटरवर आहे आणि 'ब' टोक ९८० मीटरवर. मध्ये आड येणाऱ्या सोंडा दोनच. पहिली 'अ'पासून २८ किमीवर, झाडांसकट ९९० मीटर. दुसरी 'ब'च्या जवळ, ५२ किमीवर, झाडांसकट ९६७ मीटर. झाडांचे १५ मीटर दोन्हीकडे धरले आहेत.

मास्ट नसतानाची सरळ रेषा पहिल्या सोंडेवर १०८६.७ मीटरवरून जाते आणि दुसरीवर १००६.७ मीटरवरून. कागदावर दोन्ही सोंडा खालीच राहतात. पण त्यांच्या उंचीत पृथ्वीचा फुगवटा मिळवायचा असतो:

```
h = d1*d2 / (12.74*k)
```

अंतरं किमीत, उत्तर मीटरमध्ये. के म्हणजे पृथ्वीची त्रिज्या किती पट मोठी धरायची तो आकडा. हवेची घनता वर जाताना कमी होते, म्हणून किरण जमिनीकडे किंचित वाकतो. मोठ्या त्रिज्येची पृथ्वी धरली की तोच किरण सरळ काढता येतो. नेहमीच्या हवेसाठीचा ४/३ हा आकडा शेलेंग, बरोज आणि फेरेल यांनी १९३३ साली मांडला, आणि अजूनही सगळे तिथूनच सुरुवात करतात.

पण ४/३ ही मधली स्थिती आहे. दरीत धुकं साचलं की तळाच्या हवेतली वाफ थेंबांत जाते, वरची हवा तुलनेने दमट राहते आणि किरण उलटा, वरच्या बाजूला वाकू शकतो. तेव्हा के १ च्या खाली येतो आणि पृथ्वी जास्त फुगल्यासारखी वागते. म्हणून मी जुन्या मायक्रोवेव्ह मार्गांची दुहेरी अट लावली: के ४/३ असताना पहिला फ्रेनेल झोन, म्हणजे रेषेभोवतीचा ज्यातून बहुतेक सिग्नल जातो तो लांबट पट्टा, पूर्ण मोकळा हवा, के २/३ असताना त्याच्या त्रिज्येचा ०.३ भाग, आणि दोन्हींतून येणारी मोठी उंची धरायची.

पहिल्या सोंडेवर फ्रेनेल त्रिज्या २७.८ मीटर येते. के ४/३ ला तिथला फुगवटा ५२.७ मीटर, म्हणजे रेषा १०७०.५ मीटरच्या वर असली की पुरे. आपल्याकडे १६ मीटर शिल्लक उरतात. के २/३ ला फुगवटा दुप्पट, १०५.५ मीटर होतो आणि तीच सोंड १७.१ मीटरने कमी पडते. दुसऱ्या सोंडेवर त्रिज्या १८.९ मीटर. तिथे ४/३ ला ३.७ मीटर कमी पडतात आणि २/३ ला १५ मीटर.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. के ४/३ वर बघितलं तर अडचण फक्त 'ब'जवळच्या सोंडेची दिसते. के घसरला की मधली सोंड तिच्याही पुढे जाते, कारण फुगवटा दोन्ही अंतरांच्या गुणाकारावर चालतो आणि मध्यावर सर्वांत जास्त वाढतो. म्हणून एका के-वर 'धोक्याची टेकडी' निवडून बाकीच्या सोडून द्यायच्या नाहीत. प्रत्येक सोंड दोन्ही के-वर तपासायची.

आता उंची कुठे द्यायची? 'ब'ला एक मीटर चढवला की दुसऱ्या सोंडेवर रेषा ०.८७ मीटर उचलली जाते; 'अ'ला चढवला तर जेमतेम ०.१३. सगळी भर 'अ'वर टाकली तर तिथे ११२ मीटरचा टॉवर लागेल. दोन्ही अटी एकत्र सोडवल्यावर 'अ'ला १९.५ आणि 'ब'ला १४.३ मीटर आले, म्हणून २० आणि १५ ठरवले.

फक्त ४/३ वर थांबलो असतो तर दोन्हीकडे ५ मीटरचे मास्ट पुरले असते. मग के २/३ च्या पहाटे रेषा दोन्ही सोंडांच्या सुमारे ४ मीटर खाली गेली असती. धारदार कडा धरला तरी प्रत्येक सोंडेचे ८-९ डेसिबल जातात, आणि माथा गोलसर असेल तर त्याहून जास्त.

सिग्नल असा क्षीण होणं, म्हणजे हे फेडिंग, आलेखावर ओळखता येतं. सिग्नल हळूहळू उतरतो, बराच वेळ खालीच राहतो आणि सगळ्या चॅनलांवर एकत्र पडतो. वेगवेगळ्या वाटांनी आलेले किरण एकमेकांना खोडतात त्या बहुमार्गी फेडिंगचे खड्डे झटपट आणि खोल असतात, आणि वारंवारतेगणिक वेगळे.

२/३ हा आकडा इतक्या लांब हॉपसाठी कडक आहे, हे मान्य. ६० किमीभर एकाच वेळी तितकी वाईट हवा क्वचितच असते, म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, आयटीयूची, पी.५३० शिफारस मार्गाच्या लांबीप्रमाणे किमान के वाढवत नेते. मात्र उष्ण कटिबंधात ३० किमीच्या पुढे त्या के-वर ती ०.६ भाग मोकळा मागते. त्यामुळे उंची कमी करण्याची घाई मी करणार नाही. उगाच वाढवणारही नाही, कारण मधल्या सोंडेमागे धरणाचं पाणी आहे. आत्ता सोंड त्याचं परावर्तन अडवते; रेषा फार वर गेली तर तो आडोसा जाईल.

एक गोष्ट राहिली. उपग्रहाच्या ३० मीटरच्या उंचीविदेत अरुंद कडे बोथट होऊन कमी भरतात. दोन्ही सोंडांचे माथे आणि झाडं जागेवर मोजल्याशिवाय पाइप कापायचे नाहीत.